पावसाळ्यात घरबसल्या विश्वाचा एक तुकडा: दीर्घिकांचा नकाशा स्वतः कसा काढायचा

मृग लागला की देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या आम्हा आकाशवेड्यांची दुर्बीण कपाटात जाते. दसऱ्यापर्यंत ढग हटत नाहीत, आणि भिंगांवर बुरशी धरू नये एवढीच काळजी उरते. या चार महिन्यांत करता येण्यासारखं एक काम आहे आणि त्याला आकाश लागत नाही. विश्वातल्या दीर्घिका जाळ्यासारख्या मांडलेल्या आहेत, त्यांचे तंतू आहेत, भिंती आहेत आणि मधे प्रचंड पोकळ्या आहेत, हे आपण चित्रांत पाहतो. ते चित्र खऱ्या मोजमापांवरून स्वतः काढता येतं. लॅपटॉप, बरं इंटरनेट आणि दोन संध्याकाळी पुरतात. वीज जाईल हे गृहीत धरून फाईल आधी उतरवून ठेवा, म्हणजे झालं.

सगळं विश्व काढायला जाऊ नका. आपण एकच तुकडा घेऊ, आणि तोही प्रसिद्ध. १९८६ साली व्हॅलेरी द लापारां, मार्गारेट गेलर आणि जॉन हुक्रा या तिघांनी ॲरिझोनातल्या माउंट हॉपकिन्सवरच्या दीड मीटरच्या दुर्बिणीने मोजलेला आकाशाचा एक पट्टा प्रसिद्ध केला. तो पट्टा ६ अंश रुंद आणि ११७ अंश लांब होता आणि त्यात सुमारे १,१०० दीर्घिका होत्या. तोवर पोकळ्या माहीत नव्हत्या असं नाही. भूतप तारकासमूहातली मोठी पोकळी १९८१ सालीच सापडली होती. पण पोकळी हा अपवाद नसून विश्वाची घडणच तशी आहे, हे या पट्ट्याने नजरेला दाखवलं. आपण तोच पट्टा नव्या माहितीने पुन्हा काढणार आहोत.

पट्टाच का, असा प्रश्न नवख्याला पडतो. हजारभर दीर्घिका अख्ख्या आकाशभर विखरून निवडल्या असत्या, तर त्या इतक्या लांब लांब पडल्या असत्या की कुठलाही आकार दिसला नसता. आकाशाच्या एका छोट्या ठिपक्यात खूप खोल गेलो, तर सुईने भोक पाडल्यासारखं होतं. मधे भिंत लागली हे कळतं, ती बाजूला किती पसरली आहे ते कळत नाही. पातळ पण लांबरुंद कापात मात्र थोड्या बिंदूंनीही आकार उमटतो.

आधी तो पट्टा आकाशात कुठे आहे ते पाहा

पावसापूर्वी, मेच्या मध्यावर रात्री दहाच्या सुमारास, आपल्याकडे अरुंधतीकेश जवळजवळ डोक्यावर असतो, मध्यापासून थोडा उत्तरेला. आपला पट्टा त्याच्यावरूनच जातो. पश्चिमेला कर्क राशीच्या बाजूने सुरू होऊन सिंहाच्या डोक्यावरून, अरुंधतीकेश, भूतप, उत्तर मुकुट असा पूर्वेला शौरीपर्यंत. खाजणाच्या कडेला अंधारात उभं राहिलात तर अरुंधतीकेशात ताऱ्यांचा एक फिकट पुंजका नुसत्या डोळ्यांनी दिसतो. तो आपल्याच आकाशगंगेतला आहे, अगदी घरातला. आपल्याला हवा असलेला दीर्घिकांचा गुच्छ त्याच दिशेला, पण त्याहून कितीतरी लाख पट लांब आहे. कोमा गुच्छ म्हणतात तो हाच, आणि पुढे नकाशात हीच आपली खूण.

आकाशातली जागा दोन आकड्यांनी सांगतात. पूर्व-पश्चिम दिशेचा विषुवांश आणि उत्तर-दक्षिण दिशेची क्रांती. आपल्या पट्ट्याचा विषुवांश १२० ते २५५ अंश आणि क्रांती २६.५ ते ३२.५ अंश अशी घ्या. मूळ पट्ट्यापेक्षा आकडा मोठा वाटेल, पण विषुववृत्तापासून वर गेलं की विषुवांशाचा अंश लहान होतो. १३५ ला ०.८७ ने गुणलं की ११७ येतात.

माहिती मागवणे

माहिती आपण स्लोन सर्वेक्षणाची घेऊ. न्यू मेक्सिकोतल्या अपाची पॉइंटवरच्या अडीच मीटरच्या दुर्बिणीने २००० साली ते सुरू झालं. १९८६ च्या तिघांना एका वेळी एकाच दीर्घिकेचा वर्णपट घेता येई. स्लोनवाल्यांनी ॲल्युमिनियमच्या गोल पत्र्यांना दीर्घिकांच्या नेमक्या जागी भोकं पाडून घेतली, त्यांत हातांनी ऑप्टिकल फायबर खोचले आणि एका वेळी ६४० वर्णपट घेतले. एवढी माहिती जमली त्यामागे ही भोकं आहेत, आणि तिच्यातली एक उणीवही त्यांच्यामुळेच आली आहे. तिच्याकडे नंतर वळू.

skyserver.sdss.org वर जा, तिथे SQL Search उघडा, ताज्या आवृत्तीत हा प्रश्न टाका आणि उत्तर CSV मध्ये मागा:

```sql
SELECT s.ra, s.dec, s.z,
       p.petroMag_r - p.extinction_r AS r
FROM SpecObj AS s
JOIN PhotoObj AS p ON s.bestObjID = p.objID
WHERE s.class = 'GALAXY' AND s.zWarning = 0
  AND s.ra BETWEEN 120 AND 255
  AND s.dec BETWEEN 26.5 AND 32.5
  AND s.z BETWEEN 0.005 AND 0.05
```

यातली zWarning ची अट विसरू नका. वर्णपट धूसर आला की संगणकाने लावलेला अंदाज चुकू शकतो आणि मग भलत्याच अंतरावर एक दीर्घिका उगवते. शून्य म्हणजे तिथे शंका नाही. शेवटचा r हा दीर्घिकेचा लाल रंगातला तेजाचा आकडा, म्हणजे प्रत. आपल्या आकाशगंगेतल्या धुळीने खाल्लेला प्रकाश त्यात भरून घेतलेला आहे. प्रतीचा आकडा जितका मोठा तितकी वस्तू अंधुक, हे ताऱ्यांच्या बाबतीत तुम्हाला ठाऊक असेलच.

फाईल tukda.csv नावाने ठेवा. उघडून पाहिलीत तर काही हजार ओळी दिसतील. मूळ तिघांना त्याच आकाशात अकराशे मिळाल्या होत्या.

ताम्रसृतीपासून अंतर

z म्हणजे ताम्रसृती. दीर्घिकेच्या वर्णपटात कॅल्शियमच्या दोन काळ्या रेषा असतात. प्रयोगशाळेत त्यांपैकी एक ३,९३४ अँगस्ट्रॉमवर येते. कोमा गुच्छातली एनजीसी ४८८९ ही मोठी दीर्घिका पाहिली तर तीच रेषा साधारण ४,०१९ वर सरकलेली सापडते. फरक ८५, त्याला ३,९३४ ने भागलं की ०.०२१६. ही झाली ताम्रसृती. तिला प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला ३ लाख किलोमीटरने गुणलं की सुमारे ६,५०० कि.मी. प्रति सेकंद हा दूर जाण्याचा वेग मिळतो.

विश्व प्रसरण पावतंय, म्हणून जितकं लांब तितका वेग जास्त. दर मेगापार्सेकला सुमारे ७० कि.मी. प्रति सेकंद, असा दर धरू. मेगापार्सेक म्हणजे ३२.६ लाख प्रकाशवर्षं. ६,५०० ला ७० ने भागलं की ९३ मेगापार्सेक, म्हणजे ३० कोटी प्रकाशवर्षं. इतका सरळ भागाकार फक्त जवळच्या विश्वात चालतो. z ०.०५ पर्यंत त्यात चूक टक्काभराची होते, आणि म्हणूनच प्रश्नात ती हद्द घातली.

नकाशा काढणे

पायथॉन बसवलेलं नसेल तर गूगल कोलॅब वापरा, तिथे सगळं तयार असतं. कुडाळच्या कॉलेजातल्या पोरांनी हे मोबाईलवरही करून दाखवलं आहे, पण डोळे सांभाळायचे असतील तर लॅपटॉपच बरा.

```python
import numpy as np, pandas as pd
import matplotlib.pyplot as plt

d = pd.read_csv("tukda.csv", comment="#")
D = 299792.458 * d.z / 70
ax = plt.subplot(projection="polar")
ax.scatter(np.radians(d.ra), D, s=1, c="k")
ax.set_thetamin(120)
ax.set_thetamax(255)
plt.show()
```

comment="#" हवंच, कारण उतरवलेल्या फाईलच्या डोक्यावर #Table1 अशी ओळ असते आणि तिच्यामुळे रकान्यांची नावं वाचता येत नाहीत. चित्र डावीकडे उघडणाऱ्या पंख्यासारखं येईल. काही बिघडलेलं नाही, १२० ते २५५ हे अंश त्याच बाजूला पडतात. पंख्याच्या टोकाला आपण, आणि टोकापासूनचं अंतर म्हणजे मेगापार्सेक. पंखा २१४ वर संपतो.

वाचायला लागण्यापूर्वी दोन मर्यादा. पट्टा ३० अंश उत्तरेला असल्याने खरं तर तो सपाट कागद नसून शंकूचा तुकडा आहे. तो आपण उलगडून सपाट केला, त्यामुळे नकाशातली आडवी अंतरं सुमारे १५ टक्के फुगलेली आहेत. आणि ६ अंशांची जाडी सगळीकडे सारखी नाही. ३० मेगापार्सेकवर ती जेमतेम ३ मेगापार्सेक आहे, १०० वर साडेदहा, आणि लांबच्या कडेला २२. म्हणजे लांबच्या भागात जाड काप एकाच पातळीवर दाबून दाखवला जातो. तिथल्या पोकळ्या थोड्या भरलेल्या वाटतात त्यात हा वाटा असतो.

काय दिसतं

पहिली नजर जाईल ती डावीकडे, किंचित खाली, ७० ते १३० मेगापार्सेकच्या मधे दिसणाऱ्या एका जाड दांड्याकडे. विषुवांश १९५ अंश. हाच कोमा गुच्छ. त्याच्या दोन्ही अंगांनी बिंदूंचा एक पट्टा पंखाभर आडवा जातो. ती मोठी भिंत, जिचं नाव गेलर आणि हुक्रा यांनी १९८९ साली दिलं. भिंतीच्या अलीकडे आणि पलीकडे मोठ्या मोकळ्या जागा दिसतात. १९८६ च्या नकाशातली सर्वांत मोठी पोकळी वेगाच्या मापात सुमारे ५,००० कि.मी. प्रति सेकंद व्यासाची होती. आपल्या दराने ती ७० मेगापार्सेक, म्हणजे २३ कोटी प्रकाशवर्षं होते.

आता तो दांडा. त्याची लांबी मोजा. चाळीस-पन्नास मेगापार्सेक भरेल, आणि आडवा तो अगदी अरुंद आहे. गुच्छ असा लांबट असतो का? पट्ट्यातले इतर छोटे गुच्छ बघा. तेही लांबट आहेत, आणि प्रत्येकाची दिशा पंख्याच्या टोकाकडे, म्हणजे आपल्याकडे आहे. विश्वातल्या एखाद्या खऱ्या रचनेला आपण कुठे बसलोय हे माहीत असायचं कारण नाही. सगळ्यांची तोंडं आपल्याकडे असतील तर दोष आपल्या मोजण्यात आहे.

दोष असा. कोमातली दुसरी मोठी दीर्घिका एनजीसी ४८७४, तिचा वेग सुमारे ७,२०० येतो. आपल्या ४८८९ पेक्षा ७०० जास्त. ७० ने भागलं तर दोघींमधे १० मेगापार्सेक, म्हणजे सव्वातीन कोटी प्रकाशवर्षं पडायला हवीत. प्रत्यक्षात आकाशात त्या चंद्रबिंबाच्या पाव रुंदीइतक्या शेजारी आहेत आणि एकाच गुच्छाच्या गाभ्यात आहेत. हा ७०० चा फरक प्रसरणाचा नाही. गुच्छाच्या प्रचंड गुरुत्वाकर्षणात दीर्घिका सेकंदाला हजार किलोमीटरच्या घरातल्या वेगाने इकडेतिकडे पळत असतात. एखादी त्याच वेळी आपल्याकडे येत असते, एखादी लांब जात असते. तो वेग ताम्रसृतीत मिसळतो आणि आपण त्याचंही अंतर करून बसतो. अशा दांड्यांना खगोलशास्त्रज्ञ ‘देवाची बोटं’ म्हणतात. नकाशात त्यांच्यावर पेन्सिलने खूण करा आणि त्यांना कधीही तंतू म्हणू नका. नवख्यांकडून होणारी सगळ्यांत मोठी गफलत हीच.

याच्या उलट परिणामही आहे, आणि तो फसवा आहे कारण चित्र सुंदर करतो. भिंतीच्या अलीकडच्या दीर्घिका भिंतीकडे ओढल्या जाताना आपल्यापासून थोड्या जास्त वेगाने लांब जातात, पलीकडच्या थोड्या कमी. दोन्हींची अंतरं भिंतीच्या जवळ सरकतात. त्यामुळे आपल्यासमोर आडवी असलेली भिंत खऱ्यापेक्षा पातळ आणि ठसठशीत दिसते. भिंत खरी आहे, तिचा ठसठशीतपणा थोडा उसना आहे.

लांबचं विरळ का

पंख्याच्या टोकाकडे बिंदू दाट आणि लांबच्या कडेला विरळ दिसतील. विश्व तिकडे रिकामं आहे असं नाही. रात्री मालवणच्या धक्क्यावर उभे राहा. जवळच्या पाण्यात छोट्या होडीतली बत्तीसुद्धा दिसते. क्षितिजाकडे मात्र मोठ्या बोटींचे लखलखीत एलईडी तेवढे उरतात (आणि त्यांच्यावरून गावागावांत काय भांडणं चालतात ते तुम्हाला सांगायला नको). तिथे होड्या नसतात असं कुणी म्हणणार नाही. सर्वेक्षणाचंही तेच. स्लोनच्या मुख्य यादीची हद्द १७.७७ प्रत होती. त्याहून अंधुक दीर्घिकेला फायबर मिळालाच नाही.

यावर उपाय असा की सर्वांत लांबच्या कडेवरूनही दिसतील एवढ्याच तेजस्वी दीर्घिका सगळ्या पंख्यातून ठेवायच्या. २१४ मेगापार्सेकवर १७.७७ प्रतीची दीर्घिका खरी किती तेजस्वी असते? अंतराची वजावट ३६.६५ येते, म्हणून निरपेक्ष प्रत उणे १८.९.

```python
M = d.r - 5*np.log10(D*1e6/10)
g = (d.r < 17.77) & (M < -18.9)
```

आता d.ra[g] आणि D[g] घेऊन पुन्हा काढा. बिंदू कमी होतील, पण आता जवळचं आणि लांबचं एका मापाने तुलना करण्याजोगं असेल. या चित्रातही जी जागा मोकळी राहते तीच पोकळी म्हणायची.

इथे थोडं थांबण्यासारखं आहे. १९८६ नंतर अनेकांना शंका होती की पोकळ्यांमध्ये दीर्घिका असतील, पण अंधुक असल्याने निसटल्या असतील. तुमच्याजवळ आता ही शंका तपासायचं साधन आहे, कारण स्लोनची हद्द मूळ पट्ट्यापेक्षा बरीच अंधुक आहे. १२० मेगापार्सेकच्या आतला भाग घ्या. M < -20 असलेल्या दीर्घिका काळ्या रंगात काढा आणि त्यांच्यावर -18 ते -19 मधल्या लाल रंगात. लाल बिंदूंनी पोकळ्या भरून जायला हव्या होत्या, पण बहुतेक लाल काळ्यांच्याच रांगांना चिकटलेले दिसतील. काही चुकार बिंदू पोकळीत असतात. पोकळ्या पूर्ण रित्या नसतात, पण अंधुक दीर्घिकाही जाळ्याच्याच बाजूच्या आहेत.

मोकळी दिसणारी प्रत्येक जागा मात्र पोकळी नसते. सर्वेक्षणाच्या कडा बघा. २५० अंशांच्या पुढे किंवा १२० च्या आसपास पंखा अचानक सरळ रेषेत तुटलेला दिसला, तर तिथे पाहिलेलंच नाही. टोकापासून कडेपर्यंत सरळ जाणारी कुठलीही रिकामी पाचर संशयास्पद धरावी. खरी पोकळी पुढेमागे कुठेतरी बंद होते. पत्र्यातली भोकंही आठवा. फायबरच्या टोकाला जाडी असल्याने ५५ विकलांहून जवळच्या दोन दीर्घिकांना एका पत्र्यात एकाच वेळी फायबर लावता येत नसे. त्यामुळे सुमारे ६ टक्के दीर्घिका मोजायच्या राहिल्या, आणि त्या नेमक्या गर्दीतल्या, म्हणजे गुच्छांतल्या. फार तेजस्वी दीर्घिकाही स्लोनने मुद्दाम टाळल्या, म्हणून अगदी जवळच्या भागात नावाजलेल्या काही दीर्घिका सापडणार नाहीत.

हा डोळ्यांचा भास तर नाही?

आमच्या वेंगुर्ल्याच्या मंडळात पहिल्यांदा हे चित्र भिंतीवर दाखवलं तेव्हा एका मुलीने लगेच विचारलं, “सर, ह्यो नुसतो भास नाय कशावरून?” प्रश्न रास्त आहे. मूठभर तांदूळ जमिनीवर टाकले तरी माणसाचा डोळा त्यात रांगा शोधतो. म्हणून चित्र बघून समाधान मानू नका, मोजा.

९० ते ११० मेगापार्सेकमधलं एक कडं घ्या. एकाच अंतरावरचं असल्याने विरळपणाचा प्रश्न इथे आड येत नाही. ते ५-५ अंशांच्या घरांत विभागा आणि प्रत्येक घरात किती दीर्घिका येतात ते मोजा. कडांचा घोटाळा नको म्हणून १३० ते २४० अंशच घेऊ.

```python
k = g & (D > 90) & (D < 110)
n, _ = np.histogram(d.ra[k], bins=22, range=(130, 240))
f = np.random.uniform(130, 240, n.sum())
m, _ = np.histogram(f, bins=22, range=(130, 240))
print(n.mean(), n.var(), m.var())
```

दीर्घिका नुसत्या यदृच्छेने विखुरलेल्या असत्या तर घरांतल्या आकड्यांचं विचलन, म्हणजे var, सरासरीइतकंच आलं असतं. शेवटचा आकडा खोट्या दीर्घिकांचा आहे. तो दर वेळी थोडा बदलेल, पण सरासरीच्या आसपास राहील. खऱ्या दीर्घिकांचं विचलन सरासरीच्या अनेक पट येतं. ते केवळ कोमामुळे आहे का हे पाहायचं असेल तर १९० ते २०० मधली दोन घरं काढून पुन्हा मोजा. कमी होईल, पण सरासरीइतकं खाली उतरणार नाही. दुसरं एखादं कडं, समजा १५० ते १७० चं, घेऊनही करून पाहा.

काही जण याऐवजी सगळ्या पंख्यातले विषुवांश ढवळतात आणि अंतरं तशीच ठेवतात. तसं केलंत तर गंमत होते. ढवळलेल्या नकाशातही भिंतीच्या अंतरावर एक गोल कमान उमटते, कारण अंतरांच्या यादीत भिंतीची गर्दी शिल्लक असते. ती कमान पाहून “ढवळूनही भिंत राहिली, म्हणजे भिंत खोटी” असा निष्कर्ष काढू नका.

तंतू की भिंत?

एका कापावरून हे ठरत नाही. सपाट भिंत कापली की कागदावर रेषाच उमटते आणि तंतू कापाच्या पातळीत आडवा पडला असेल तर त्याचीही रेषाच. ठरवायचं तर शेजारचे काप काढावे लागतात, आणि गेलर-हुक्रांनी नेमकं तेच केलं. प्रश्नातली क्रांती बदलून ३२.५ ते ३८.५ करा, दुसरी फाईल उतरवा आणि तिचे बिंदू वेगळ्या रंगात पहिल्या नकाशावर टाका. मग खालचा काप, २०.५ ते २६.५. रेषा तिन्ही कापांत साधारण त्याच जागी आली तर ती भिंत. एका कापात आहे आणि शेजारच्यात तिथे पोकळी, तर तो तंतू असण्याची शक्यता जास्त. मोठी भिंत शेजारच्या कापांतही टिकते. तिची लांबी ५० कोटी प्रकाशवर्षांहून जास्त भरते आणि जाडी त्या मानाने दोन कोटींच्या आसपास. कोमाचं बोट मात्र शेजारच्या कापात दिसणार नाही, कारण गुच्छ २८ अंशांवर आहे आणि आकाशात फार पसरलेला नाही.

जाळ्यात आधी भिंती आणि मग तंतू तयार होतात, ते का, याचं उत्तर याकोव्ह झेल्डोविच यांनी १९७० साली दिलं होतं, असा नकाशा हाती येण्याच्याही आधी. विश्व ३ लाख ८० हजार वर्षांचं असताना त्यातली घनता जवळजवळ सारखी होती, फरक होता तो एक लाखात एक अशा मापाचा. जिथे थोडं जास्त होतं तिथे गुरुत्वाकर्षणाने आणखी जमत गेलं. पण कुठलाही ढिगारा सगळ्या बाजूंनी सारखा नसतो, म्हणून तो आधी एका दिशेने कोसळून चपटा होतो. मग दुसऱ्या दिशेने आवळून तंतू आणि तिसऱ्या दिशेने आवळून गाठ. कोमा ही अशी गाठ. जिथून हे सगळं निघून गेलं त्या पोकळ्या. त्यांच्यात रोखणारं वस्तुमान कमी असल्याने त्या आजूबाजूपेक्षा जलद फुगत जातात.

यानंतर

हे जमलं की पुण्याच्या आयुकातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये जाहीर केलेला सरस्वती महागुच्छ शोधायला हरकत नाही. तोही स्लोनच्याच माहितीतून सापडला. मीन राशीच्या दिशेला, आपल्यापासून सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षं लांब. त्याच्या गाभ्यातला एबेल २६३१ हा गुच्छ विषुवांश ३५४.४ आणि क्रांती ०.३ अंशाजवळ, ताम्रसृती ०.२८ च्या आसपास आहे. त्याच्याभोवती विषुवांशात पंधरा-वीस अंश आणि z ०.२३ ते ०.३३ असं मागून बघा. विषुवांश ३६० ला संपून पुन्हा शून्यावर येतो, तेव्हा पट्टा दोन प्रश्नांत मागवावा लागेल.

वर दिलेला भागाकार इथे वापरायचा नाही. z ०.२८ वर तो अंतर सुमारे ७ टक्क्यांनी जास्त दाखवतो, म्हणजे सुमारे ८० मेगापार्सेकची चूक होते. त्याऐवजी astropy मधलं तयार गणित घ्या:

```python
from astropy.cosmology import FlatLambdaCDM
D = FlatLambdaCDM(H0=70, Om0=0.3).comoving_distance(d.z.values).value
```

१७.७७ ची अटही तिथे निरुपयोगी आहे. इतक्या लांबच्या बहुतेक दीर्घिका स्लोनने नंतरच्या टप्प्यांत, रंगावरून निवडून मोजलेल्या आहेत, मुख्यतः मोठ्या लाल दीर्घिका. म्हणून सरस्वतीच्या नकाशातली मोकळी जागा आणि कोमाच्या नकाशातली मोकळी जागा यांची तुलना करू नका. त्याहून दाट बिंदू हवे असतील तर किट पीकवरच्या चार मीटरच्या दुर्बिणीने केलेलं डेसी सर्वेक्षण आहे. तिथे भोकं पाडलेले पत्रे नाहीत, पाच हजार छोटे यंत्रमानव फायबर आपापल्या जागी वळवतात. त्याची पहिली मोठी यादी मार्च २०२५ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. फायली मात्र जड आहेत. त्या उतरवायला तालुक्याच्या गावी, चांगल्या नेटच्या ठिकाणी जाऊन बसा.